पांढऱ्या कापडापुढचा फोटो

पासपोर्टसाठी फोटो काढायचा तर माणसानं नुसतं सरळ बसायचं असतं, हे आमच्या घरात कुणाला पटेना. बायकोचं म्हणणं, सरळ काय, फोटोत तर तिरपंच बसतात. तिच्या लग्नातला फोटो तिरपा होता, तिच्या बहिणीचा तिरपा होता, आणि शेजारच्या बाईंनी तर मान इतकी कलती केली होती की फोटो भिंतीवर सरळ टांगला तरी वाकडा वाटायचा.

ही बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनतीन वर्षांनी घडलेली गोष्ट. आमची थोरली मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. जावई तिथं कारखान्यात इंजिनिअर. मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको असं सांगितलं. तेव्हा ठरलं की मुलगी माहेरी येऊ शकत नसेल, तर माहेरानंच तिच्याकडे जायचं. म्हणजे माझ्या बायकोनं. सोलापूरहून पुण्याच्या पलीकडे ती आयुष्यात गेली नव्हती. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट, आणि हे सगळं बाळाच्या आधी.

मी गिरणीत हिशेबखात्यात होतो. अर्ज भरणं, खाडाखोड न करणं, नियम वाचणं ही कामं मला जड नव्हती. अर्जासोबत फोटोबद्दलच्या सूचना होत्या त्या मी दोनदा वाचल्या. चेहरा समोरून, पूर्ण दिसला पाहिजे. मान सरळ. डोळे उघडे. मागची बाजू साधी आणि फिकी. चेहऱ्यावर किंवा मागे सावली नको. चेहऱ्यावरचा भाव नेहमीचा, तोंड मिटलेलं. काळा चष्मा नको. यात समजायला अवघड काही नव्हतं.

भवानी पेठेत एक जुना स्टुडिओ होता. पेठेतल्या बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे फोटो तिथंच निघत. फोटोग्राफर साठीच्या घरातला, आमच्याच लिंगायत समाजातला, बोलायला मोकळा. मी बायकोला घेऊन गेलो. त्यानं तिला पडद्यापुढं बसवलं. पडद्यावर बाग, बागेत खांबांचा मंडप, वर चंद्र. तिचा हात फुलदाणीवर ठेवला, हनुवटी बोटानं वळवली आणि म्हणाला, "आक्का, जरा गालात हसा."

तो फोटो मी घरी आणून खिडकीपाशी धरला. फोटो सुंदर होता, पण त्यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. चेहरा वळलेला, एकच कान दिसतोय. पदराची सावली कपाळावरून डोळ्यापर्यंत आलेली. मंडपाचा एक खांब नेमका तिच्या डोक्यातून वर निघालेला. आणि ती हसत होती.

"काय वाईट आहे ह्यात?" बायको म्हणाली.

"वाईट नाही. चालणार नाही."

"चांगलं तेवढं चालत नाही वाटतं सरकारला."

दुसऱ्या दिवशी मी फोटो परत घेऊन गेलो आणि फोटोग्राफरला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. "हिला अगदी सरळ बसवा. तोंड समोर. मागं पांढरं पाहिजे, काहीही नको, नुसतं पांढरं. दोन्हीकडून सारखा उजेड, सावली कुठंच नको. हसवायचं नाही. डोळे उघडे पाहिजेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मालक, घरात समदं बरं हाय न्हवं?"

मला त्याचा प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "बरं आहे की. मुलीकडं जायचंय हिला, परदेशात."

"तसं व्हय," तो म्हणाला. "मग देतो की. पांढरं कापड हाय आपल्याकडं."

मला गिरणीतून पुन्हा रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून दुसऱ्या खेपेला बायको शेजारच्या बाईंना घेऊन गेली. परत आली ती डोळे चोळत. "काय ते दिवे!" म्हणाली. "दोन्हीकडून दोन. तोंड भाजून निघतंय. तो खटका दाबायला आणि मी डोळे मिटायला. कितीदा काढलं त्यानं, दर वेळी तेच. शेवटी म्हणाला, राहू द्या आक्का, डोळ्यांचं मी बघतो."

"बघतो म्हणजे?"

"मला काय माहीत? बघतो म्हणाला."

मी समजलो की त्यातला एखादा चांगला निघाला असेल.

फोटो तयार झाले ते मी स्वतः आणले. आठवड्याच्या सुट्टीच्या सकाळी, टेबलावर पांढरा कागद पसरून, पट्टी घेऊन बसलो. मला हे काम आवडतं, खोटं कशाला सांगू. चेहरा मध्यभागी होता. डोक्यावर आणि हनुवटीखाली पुरेशी जागा होती. दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही कान दिसत होते. पदर डोक्यावरून मागे सारलेला. मागची बाजू स्वच्छ पांढरी, सुरकुतीसुद्धा नाही. नाकाच्या कुठल्याच बाजूला सावली नाही. तोंड मिटलेलं, चेहरा शांत. कपाळावर रोजची विभूती आणि खाली कुंकू. डोळे उघडे. मी पट्टी खाली ठेवली आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "झालं बघ. याला कुणी नाव ठेवणार नाही."

ती पीठ माखलेले हात वर धरून आली, लांबूनच बघितलं. "छान आलाय की. गोरी दिसतेय."

सोमवारी ओळखीच्या एका सरकारी अधिकाऱ्याची फोटोच्या मागे सही घ्यायची, की याच बाई त्या. आणि लगेच अर्ज मुंबईला. मी एक फोटो शाईच्या दौतीला टेकवून उभा ठेवला आणि अर्जातल्या मोकळ्या जागा पुन्हा तपासू लागलो.

तेवढ्यात माझ्या सासूबाई आल्या. मी त्यांना अत्ती म्हणायचो. त्या वळसंगहून पहिल्या एस. टी. नं आल्या होत्या. नातीसाठी डिंक, अळीव, खारीक, सगळं एका पिशवीत, आणि वर मला बोलणं सुरू, "जावईबापू, इमानात येवडं वजन घेतात का न्हाय, इचारलं का तुमी? का नुस्तं कागदच भरताय?" मी हसून उठलो. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टेबलाकडे वळल्या, आणि त्यांची नजर फोटोवर गेली.

"अय्यो शिवने!"

तो आवाज मी त्यांच्या तोंडून एकदाच पूर्वी ऐकला होता. माझे सासरे गेले त्या दिवशी. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. मी खुर्ची पुढं केली, तर ती त्यांना दिसेना. "कवा?" त्या म्हणाल्या. "कवा झालं? मला कुनी सांगितलं कसं न्हाय?"

"अत्ती, काय झालं? काय विचारताय?"

"माझी लेक! कुटं हाय माझी लेक?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. अत्तींनी तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि अंगठ्यांनी तिच्या पापण्या चाचपल्या. बायको "अव्वा, अगं काय करतेस, डोळ्यात जातंय," म्हणत होती आणि त्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत पुन्हा पुन्हा तिच्या पापण्यांवरून बोटं फिरवत होत्या. ती पापणी हलतेय हे कळेपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. मग त्या जमिनीवरच बसल्या.

मला वाटलं, प्रवासानं त्यांना भोवळ आली. मी पाणी आणलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही, फोटोकडे बोट दाखवलं.

"त्यो आडवा ठेवा आदी."

मी फोटो पालथा घातला.

"भवानी पेठंत काडला न्हवं? त्या म्हाताऱ्याकडं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या सासऱ्यांचा फोटू त्यानंच काडलाय की. माज्या घरात भिंतीवर हाय. त्येच कापड. त्येच डोळं."

आमच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, चांगले कपडे नेसवून, कपाळभर विभूती लावून भिंतीशी बसतं करतात. बसलेल्यालाच लोक नमस्कार करतात आणि बसलेल्यालाच नेतात. त्या वेळी फोटोग्राफरला बोलावून एक फोटो काढून ठेवायची पद्धत होती. पुष्कळांचा आयुष्यातला तेवढाच फोटो. मागे पांढरं कापड धरायचं, म्हणजे घराची भिंत, खुंट्या, रडणारी माणसं येत नाहीत. पुढं तो मोठा करून घरात लावतात. भिंतीवर मिटलेले डोळे बरे दिसत नाहीत, म्हणून फोटोग्राफर त्यावर उघडे डोळे रंगवून देतो. हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून किती घरांत असे फोटो बघितले होते. माझ्या स्वतःच्या आजोबांचा तसाच होता.

माझ्या कपाटात आकडे वाचायचं भिंग होतं, ते काढलं. फोटो उचलून खिडकीपाशी धरला. आधी काही दिसेना. मग दिसलं. दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका, एकाच जागी, एकाच मापाचा. दिवे दोन्ही बाजूंना होते असं बायको म्हणाली होती, मग प्रत्येक डोळ्यात चमक दोनदा दिसायला हवी होती. बुबुळं गोल, पूर्ण गोल. माणसाच्या बुबुळावर वरची पापणी थोडी तरी येतेच, इथं ती कडेला नुसती टेकली होती. खाली, जिथं मिटलेल्या पापण्यांची रेघ असते, तिथं राखाडी सावलीसारखी ती रेघ अजून होती. आणि माझ्या बायकोची डावी पापणी जन्मापासून किंचित खाली असते, इथं दोन्ही पापण्या सारख्या झाल्या होत्या.

मी भिंग ठेवलं. पट्टीनं मोजून ज्याला मी बरोबर म्हटलं होतं, तो फोटो खरोखरच बरोबर होता. सरळ बसलेली, मागे पांढरं, सावली नाही, हसू नाही, कपाळाला विभूती. सूचनेतला प्रत्येक शब्द पाळून माझी बायको मेलेली दिसत होती.

"बघू," बायको म्हणाली. मी देत नव्हतो. तिनं माझ्या हाताखालून फोटो ओढला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. तिनं विचारलं, "ते मागचं कापड... तेच का हो? जे तो घरोघर नेतो?"

ते अत्तींना माहीत होतं. त्या उठल्या आणि मोरीकडे बोट करून म्हणाल्या, "जा. डोक्यावरनं पानी घे. जा आदी."

ती खरंच गेली. त्या दिवशी दुसऱ्यांदा न्हाली. ओले केस पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी जात नाही."

"फोटो दुसरा काढू. त्यात काय आहे?"

"फोटोचं नाही हो. पोर पहिलटकरीण. तिच्या घरात मी हे असलं तोंड घेऊन जाऊ? काही कमीजास्त झालं तर?"

"ह्यो अपशकून हाय," अत्ती म्हणाल्या. "बेड, नगं. जायचं न्हाय."

मी शकुन-अपशकुन मानणारा नाही. पण त्या दिवशी मला वाद घालता आला नाही. दौतीशेजारी पालथ्या पडलेल्या फोटोकडे माझीसुद्धा बघायची छाती नव्हती, मग मी तिला काय सांगणार? आणि तिकडे मुलगी एकटी. जावई दिवसभर कामावर. अर्ज अडला की पासपोर्ट अडला, पासपोर्ट अडला की सगळंच.

मी चपला घातल्या आणि स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर कात्रीनं कुणाच्या तरी फोटोच्या कडा कापत होता. मी आमचे फोटो त्याच्यापुढं टाकले. "हे काय केलंत?"

त्यानं वर बघितलं. "का? डोळं बरं न्हाईत आलं?"

"हिचे डोळे रंगवलेत तुम्ही!"

"व्हय की. मोठा फोटू काडला, त्यावर बारीक ब्रशानं रंगवलं, आन् त्याचा परत फोटू घिऊन ह्या कॉप्या काडल्या. म्हंजे ब्रश दिसत न्हाय. दोन दिस गेलं मला त्यात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. केलेल्या कामाचं समाधान होतं, आणि तेच मला सोसेना.

"अहो, ती जिवंत आहे!"

आतली बाई, त्याची बायको असावी, दारात येऊन उभी राहिली. फोटोग्राफरनं कात्री ठेवली. माझ्याकडे, मग फोटोकडे, असं दोनतीनदा बघितलं. "साहेब," तो म्हणाला, तेव्हाचा मालक आता साहेब झाला होता, "तुमीच सांगितलं. सरळ बसवा. मागं पांढरं. सावली नको. हसवायचं न्हाय. असला फोटू आमी एकाच वक्ताला काडतो. मी तर तुमाला इचारलं बी, घरात बरं हाय न्हवं म्हनून."

मी बसलो. बसायला तिथं फोटोला बसवायचं तेच स्टूल होतं.

"पन मिटलेलं डोळं उगडलं म्हंजे चूक काय झाली?" तो पुढं म्हणाला. "सरकारला उगडं पायजेत. आक्का तर दर टायमाला मिटत्यात."

"सरकारला तिचे डोळे पाहिजेत. तिचे! विमानतळावर फोटो बघून माणूस ओळखतात. तुम्ही काढलेल्या डोळ्यांची बाई तिथं येणारच नाही. आणि माझ्या सासूबाईंनी हा फोटो बघून..." मी सगळं सांगितलं, पापण्या चाचपल्या ते, पाणी घेतलं नाही ते.

ते ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. त्यानं सगळ्या प्रती गोळा केल्या, पालथ्या ठेवल्या, आणि आपल्याच बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "बगा! मी म्हनलं न्हवतं? ही बाई मला बाजारात दिसली हुती, अन् तुमी हितं बसून हिचं डोळं रंगवत हुता. मला कसंतरीच झालं हुतं." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हात बसलाय वो. सरळ तोंड बगितलं की हात आपसूक चालतो."

त्याच दुपारी तो आमच्या घरी आला. कॅमेरा, तिवई, एवढंच. कापड आणलं नव्हतं. बायको स्टुडिओत पाऊल ठेवणार नाही हे मी त्याला सांगितलं होतं. आणि घरी बायको फोटोलाच बसणार नाही, हे त्याला अंगणात कळलं.

अत्ती चौकटीत उभ्या होत्या. तो त्यांच्यापुढं वाकला. "अव्वा, चुकलं माझं."

अत्तींनी त्याला थेट विचारलं, "आमच्या मालकांचा फोटू तुमीच काडला न्हवं?"

"व्हय अव्वा. वळसंगला आलो हुतो."

"त्यांचं डोळं कसं हुतं, बगितलं हुतं तुमी?"

तो घुटमळला. "मिटल्यालं हुतं, अव्वा."

हाताला येईल ती गोष्ट धरावी तशी अत्तींनी दाराची कडी धरली. त्या फोटोला त्या रोज हार घालायच्या, सणाला नैवेद्य दाखवायच्या, काही अडलं तर त्याच्यापुढं उभ्या राहून बोलायच्या. मला वाटलं, त्या आता याला हाकलून देणार. पण त्या मागे वळल्या आणि घरात बायकोला म्हणाल्या, "ऊठ."

"अव्वा?"

"ऊठ म्हनते. तुजं डोळं तुजंच येऊ देत. माज्या घरात तसला एक फोटू हाय त्येवढं बास."

"आणि अपशकुन?"

"ऊठ!"

बायको उठली. अंगणाची मागची भिंत दिवाळीला चुन्यानं पांढरी केलेली होती, तिथं ऊन येत नव्हतं, पण वरून मोकळ्या आभाळाचा उजेड भरपूर होता. फोटोग्राफरनं खुर्ची भिंतीपासून चांगली पुढं ओढली, म्हणजे तिची सावली भिंतीवर पडणार नाही. मी मान सरळ आहे का ते बघितलं, खांदे बघितले, पदर मागं केला. दिवे नव्हते, धग नव्हती. तरी पहिल्या खटक्याला तिनं डोळे मिटले. दुसऱ्याला पण मिटले. आता तिला दिव्यांची नाही, त्या काचेचीच भीती बसली होती.

"असं करू," फोटोग्राफर म्हणाला. "आक्का, तुमी आदीच मिटा..."

"मिटा म्हनू नको!" अत्ती ओरडल्या.

त्यानं दोन्ही हात जोडले. बायको खुर्चीवरूनच म्हणाली, "अव्वा, तू त्याच्या शेजारी उभी राहा. मी मिटते. उघडले की मला तू दिसली पाहिजेस."

अत्ती तिवईला लागून उभ्या राहिल्या. बायकोनं डोळे मिटले.

आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. तिला झोपलेली मी रोज बघत होतो. पण अशी, सरळ बसलेली, मागे पांढरी भिंत, हात मांडीवर, तोंड मिटलेलं, अशी कधी नाही. फोटोग्राफरनं काय बघितलं होतं ते मला तेव्हा दिसलं. तो "उघडा" म्हणेना. त्याची बोटं खटक्याच्या तारेवर तशीच थांबली होती.

"उगड गं!" अत्तींनीच हाक दिली.

तिनं डोळे उघडले. खटका वाजला.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरनं छापलेल्या प्रती आणि सोबत निगेटिव्ह आणली. "पेन्सिलसुदीक लावली न्हाय," म्हणाला. "बगून घ्या." मी निगेटिव्ह खिडकीला धरून तिच्यावरून भिंग फिरवलं, मग फोटो घेतला. चेहरा समोर, मान सरळ, मागे पांढरं, सावली नाही. डावी पापणी होती तशीच खाली आलेली. बुबुळांत वर आभाळाचा उजेड पसरट दिसत होता आणि नीट बघितलं तर खाली दोन काळ्या आकृती, एक कॅमेऱ्याची, एक लुगड्यातली. अडचण एकच होती. भाव नेहमीचा असावा असं सूचनेत होतं, आणि ही बाई दचकलेली होती. ओठ मिटलेले होते, भुवया जरा वर गेलेल्या. मी पुष्कळ वेळ विचार केला. रागावलेली नाही, हसत नाही, तोंड वाकडं नाही. ओळख पटते. मी फोटो घेतला.

अधिकाऱ्यांनी फोटो हातात घेऊन बायकोकडे बघितलं. "बाई जरा घाबरलेल्या दिसतात यात."

"घाबरल्याच होत्या," मी म्हणालो.

ते हसले आणि सही केली.

पासपोर्ट मिळायला लागायचा तेवढा वेळ लागलाच, पण मिळाला. व्हिसाच्या खिडकीवर त्या फोटोबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अत्तींनी डिंकाचे लाडू करून डबा भरून दिला, आणि निघताना लेकीला जे काय सांगितलं ते कन्नडमध्ये, इतक्या हळू, की मला कळलं नाही.

बायको बाळाच्या आधी पोचली. नात झाली. परत आल्यावर तिनं तिथल्या विमानतळावरची हकीकत सांगितली. काउंटरमागच्या माणसानं पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मग हिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो. हिला वाटलं, आता डोळे मिटले तर हा म्हणेल ही ती नव्हे. म्हणून तिनं डोळे ताणून उघडे ठेवले. त्यानं पान उलटलं, तारीख बघितली, काहीतरी विचारलं, हिला समजलं नाही, ही तशीच. पापणी लवू द्यायची नाही एवढंच डोक्यात. डोळे चुरचुरायला लागले आणि पाणी गालावरून खाली आलं. तो माणूस गडबडला, त्याला वाटलं ही रडतेय. त्यानं घाईघाईनं शिक्का मारला, पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि पुढं जा म्हणून हात केला. पलीकडे मुलगी पोट सांभाळत उभी होती. तिच्यापाशी पोचल्यावरच आपण डोळे मिटले, असं ती म्हणाली.